दोन त्रिकोण आणि एक गोल

चित्रं तयार करणाऱ्या एआयला ‘आदिवासी लोककला, काडीसारखी माणसं, पांढऱ्या रेषा, मातकट पार्श्वभूमी’ एवढंच सांगून पाहा. काही सेकंदांत चित्र समोर येतं, आणि त्यात जगभरातलं काहीबाही एकत्र आलेलं असतं. कुणाच्या डोक्यावर पिसांचा मुकुट असतो, कुणाच्या हातात भाला असतो. कडेला आफ्रिकी मुखवट्यांसारखे चेहरे असतात, रिकाम्या जागेत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रांसारखे ठिपके भरलेले असतात आणि मागे नारिंगी सूर्यास्त असतो. माणसं खरोखरच काडीची असतात, म्हणजे शाळकरी मूल काढतं तशी: एक उभी रेघ हे धड आणि त्याला चार फाटे.

मागणाऱ्याच्या मनात मात्र बहुतेक वेळा वारली चित्र असतं. लग्नपत्रिका, शाळेचं हस्तलिखित, दिवाळी अंकातला एखादा लेख, ग्रामपंचायतीची भिंत अशा सगळ्या ठिकाणी आपल्याला ही धाटणी हवीशी वाटते. ती यंत्राकडून मिळवायची असेल, तर आधी ती चित्रं कशी घडतात ते माहीत हवं. प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला लिहून द्यायची सूचना, हे इथे चित्राचं वर्णन असून भागत नाही, ती चित्राची बांधणी असावी लागते.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागात आणि लगतच्या दक्षिण गुजरातेत वारली समाजाची वस्ती आहे. घराच्या भिंती कारवीच्या काड्यांच्या, त्यांना कूड म्हणतात. त्यावर शेणामातीचा लेप आणि त्यावर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, चिकटपणासाठी थोडा डिंक घालून पांढरा रंग करायचा आणि बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा. ही चित्रं लग्नासारख्या प्रसंगी काढली जात आणि ती काढण्याचं काम सवाष्णींचं असे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात गेले, त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले आणि जिव्या सोमा मशे यांचं काम बाहेरच्या जगासमोर आलं. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आज कपापासून पडद्यापर्यंत सगळीकडे दिसणारी ‘वारली डिझाइन’ ही त्या कागदावर उतरलेल्या चित्रांची दूरची, पुष्कळदा पातळ झालेली नक्कल आहे.

ही पातळ नक्कल यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रायबल’ऐवजी नुसतं ‘वारली’ लिहिलं, की पिसं आणि मुखवटे जातात, पण त्यांच्या जागी उशीच्या अभ्र्यावरची नक्षी येते. मधोमध एक सुबक वर्तुळ, त्यावर सारख्या अंतरावर नाचणारी माणसं, चारही कोपऱ्यांत एकसारखी झाडं. चित्र बनवणारी ही मॉडेल्स इंटरनेटवरच्या असंख्य चित्रांवर आणि त्यांच्यासोबतच्या ओळींवर शिकलेली असतात. कोणत्या शब्दासोबत कोणता देखावा वारंवार आला, एवढंच त्यांच्या हाती लागलेलं असतं. ‘वारली’ या नावाखाली बाजारात तारपा नाचाची वर्तुळंच जास्त फिरत असतील, तर यंत्र ‘वारली’ म्हणजे वर्तुळ असं धरून चालतं. तुम्ही शेत मागितलं तरी ते शेत गोल करून देतं.

यावरचा मार्ग म्हणजे शैलीच्या नावावर विसंबायचं नाही. आकार, रंग आणि मांडणी साध्या शब्दांत सांगायची. एक उदाहरण घेऊन हे शेवटपर्यंत नेऊ.

समजा, भातलावणीवरच्या एका लेखासाठी आडवं चित्र हवं आहे. पालघर भागात लावणीला आवणी म्हणतात. राबात वाढवलेली रोपं उपटून, त्यांच्या जुड्या बांधून, चिखल केलेल्या खाचरात बायका ओळीने ती लावत जातात. पाऊस कोसळत असतो, म्हणून पाठीवर इरलं असतं. एका कडेला बैलजोडी आणि नांगरणारा, वरच्या कोपऱ्यात झोपडी, एक ताडाचं झाड, दोन-चार कोंबड्या. पहिल्या झटक्यात कोणीही लिहील तो प्रॉम्प्ट असा असेल:

```
Tribal art of women planting rice, stick figures,
white lines, brown background
```

इंग्रजीत लिहिलं आहे, कारण निव्वळ चित्रांसाठी असलेल्या साधनांना इंग्रजी जास्त नेमकी कळते. गप्पांच्या रूपात काम करणारी साधनं मराठीही समजून घेतात, तिथे पुढच्या सगळ्या सूचना मराठीतही देता येतील. भाषा कोणतीही असो, या कल्पनांतून वर सांगितलेला गोंधळच निघतो. ‘स्टिक फिगर्स’ हा शब्द तर थेट घातक आहे. इंग्रजी जगात त्याचा अर्थ एका रेघेच्या धडाचा बाहुला असाच आहे आणि यंत्र तो इमानाने काढतं. तो शब्द काढूनच टाकावा.

त्याऐवजी माणूस कसा घडतो ते सांगायचं. वारली माणसाचं डोकं म्हणजे एक भरीव गोल, त्यात नाक-डोळे नसतात. धड म्हणजे दोन त्रिकोण. वरचा उलटा, त्याचं टोक खाली. खालचा सुलटा, त्याचं टोक वर. दोन्ही टोकं कमरेपाशी एकमेकांना टेकलेली. हातपाय बारीक रेघांचे. बाईच्या डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोल.

```
Each person: solid white round head without a face; torso made of
two solid white triangles meeting tip to tip at the waist; thin
single-line arms and legs; women have a small round hair bun.
```

या तीन ओळी आल्या की चित्रात सगळ्यात मोठा फरक पडतो. तरीही कंबर नीट तपासावी लागते, कारण सगळं या एका बिंदूवर उभं आहे. दोन त्रिकोण टोकावर टेकलेले असले म्हणजे वरचा कुठेही कलू शकतो. तो पुढे कलला की माणूस वाकला, मागे गेला की ओझं उचललं, बाजूला झुकला की नाचातली लय आली. चेहरा नसूनही ही माणसं काय करताहेत ते लांबून कळतं, ते या कलण्यामुळे. यंत्र मात्र पुष्कळदा ती टोकं जाड करून एकमेकांत मिसळून टाकतं आणि कंबर रुंद होते. किंवा सगळ्यांची धडं ताठ उभी ठेवतं आणि वाकणं दाखवण्यासाठी फक्त हात लांब करतं. लावणी करणारी बाई मग उभ्या उभ्या जमिनीकडे दोऱ्या सोडल्यासारखी दिसते. म्हणून वाकणंही त्रिकोणांच्याच भाषेत सांगावं:

```
The women are bending: the upper triangle is tipped forward until
almost horizontal, the lower one stays upright, both arms reach
down to seedlings at their feet.
```

‘बेंडिंग’ हा एक शब्द पुरेसा वाटतो, पण यंत्राने वाकलेली माणसं पाहिली आहेत ती मांसाची, पाठीचा बाक असलेली. तो शब्द एकटा दिला की त्रिकोण विरघळतात आणि पाठ गोलाकार होते. कोणता आकार किती कलला हे सांगितलं की धाटणी टिकते. बसलेली, चढणारी, ओझं वाहणारी माणसं हवी असतील तर त्यांनाही हेच लागू.

इरलं हा या चित्रातला अवघड भाग आहे. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पानं लावून केलेलं आच्छादन. ते डोक्यावरून पाठीवर उतरतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. ‘रेनकोट’ लिहिलं तर अंगरखा येतो, ‘हॅट’ लिहिलं तर चिनी शेतकऱ्याची टोपी येते, ‘अम्ब्रेला’ लिहिलं तर बाईचा एक हात छत्री धरण्यात अडकतो आणि लावणीच थांबते. नाव सोडून आकार सांगितला की काम जमतं: डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर पडलेला लांबट, पानासारखा अर्धगोल आणि आत तिरप्या बारीक रेघांची जाळी. मात्र वाकलेल्या बाईवर ते घातलं की वरचा त्रिकोण झाकला जातो आणि माणसाचा आकारच हरवतो. तिथे चित्रकाराला करावी लागते तीच निवड प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याने करावी: सगळ्या बायकांना इरली देऊ नयेत, ओळीतल्या दोघींनाच द्यावीत.

आता जागा. आपण पाहतो तसं चित्र, म्हणजे खाली जमीन, मध्ये क्षितिज, वर आकाश, जवळचं मोठं आणि लांबचं लहान, ही मांडणी यंत्राच्या अंगात मुरलेली आहे. वारली चित्रात ती नाही. तिथे खाचर वरून पाहिल्यासारखं पसरलेलं असतं आणि त्याच खाचरातली माणसं मात्र बाजूने दिसतात. तारपा नाचात हे सगळ्यात स्पष्ट होतं. नाचणाऱ्यांचा फेर झाडावर बसून खाली पाहावं तसा गोल असतो, पण प्रत्येक नाचणारा समोर उभा राहून पाहावा तसा. दोन दृष्टी एकाच भिंतीवर नांदतात. झाड खाचराच्या काठावरून वर जाईल किंवा वाटेच्या बाजूला आडवंही पडेल, त्याला एकच एक जमीन लागत नाही.

यंत्राला ‘क्षितिज नको, खोली नको’ असं सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. चित्रांखालच्या ओळींमध्ये लोक चित्रात काय आहे ते लिहितात, काय नाही ते क्वचितच लिहितात. त्यामुळे ‘क्षितिज’ हा शब्द आला की यंत्राला क्षितिज आठवतं, त्यापुढचा ‘नको’ त्याच्यावर फारसा ठसत नाही. अलीकडची साधनं या बाबतीत सुधारली आहेत, तरी जे नको ते सांगण्यापेक्षा त्या जागी काय हवं ते सांगणं अधिक भरवशाचं.

```
The paddy field is seen from above as rows of tiny upright strokes;
people, bullocks, hut and palm are seen from the side. All figures
are small, similar in size, spread over the whole surface.
```

‘लहान’ आणि ‘सगळीकडे पसरलेले’ हे दोन शब्द कामाचे आहेत. ते नसतील तर यंत्र एक बाई मोठी करून मध्यभागी उभी करतं आणि बाकीच्यांना मागे ढकलतं. वारली चित्रात सहसा असा नायक नसतो. जिव्या मशे यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याच्या विणीने सगळा पृष्ठभाग भरलेला असतो आणि माणसं त्या विणीच्या काठाकाठाने वावरतात. डोळा एका जागी थांबत नाही, फिरत राहतो. ही भरगच्च वीण लहान लहान रेघांनी येते, ठळक आकारांनी नाही. पानं, रोपं, गवत, पाऊस, झोपडीचा कूड हे सगळं बारीक रेघांच्या ओळींनी भरायला सांगावं.

रंगाचं काम सोपं वाटतं, पण तिथेही तीन ठिकाणी घसरायला होतं. ‘अर्दी’ म्हणजे मातकट असं लिहिलं की यंत्र पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळ्या छटा एकमेकींत मिसळून देतं, कडा काळवंडवतं, मध्ये उजेड पाडतं. सारवलेली भिंत अशी नसते. तिचा रंग एकच असतो, फक्त हाताने सारवल्याच्या पुसट खुणा असतात. म्हणून ‘एकसारखी, सपाट, तांबूस तपकिरी भिंत’ असं लिहावं. ज्या साधनात रंगाचा कोड देता येतो तिथे गेरूसाठी `#7A3320`च्या आसपासची छटा चालते. शेणाच्या सारवणाची छटा हवी असेल तर हिरवट तपकिरी सांगावी.

दुसरी अडचण पांढऱ्याची. ‘व्हाइट लाइन ड्रॉइंग’ म्हटलं की फळ्यावरच्या खडूची धूळ येते, ‘व्हाइट व्हेक्टर लाइन’ म्हटलं की सरकारी पाटीवरच्या चिन्हांसारखी निर्जीव, सारख्या जाडीची रेघ येते. तांदळाच्या पिठाची रेघ या दोन्हींपेक्षा वेगळी. चावलेल्या काडीत रंग थोडाच राहतो, त्यामुळे रेघ सुरुवातीला भरीव आणि शेवटाकडे जराशी कोरडी होते. पुन्हा काडी बुडवली की जोड दिसतो. प्रॉम्प्टमध्ये ‘राइस पेस्ट’ लिहिण्यापेक्षा ‘हाताने काढलेली, चकाकी नसलेली, जाडीत किंचित कमीजास्त पांढरी रेघ’ असं लिहिलेलं बरं. पिठाचा उल्लेख आला की एखाद्या कोपऱ्यात भाताची वाटी उगवण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चोरून शिरणारे रंग. शेत आलं की यंत्राला हिरवा हवासा वाटतो, बाई आली की लाल टिकली. ‘फक्त दोन रंग’ हे स्पष्ट लिहावं आणि लिहूनही चित्र तपासावं.

```
Only two colours: matte off-white hand-painted lines, slightly
uneven in thickness, on a plain even red-brown mud wall.
```

हे सगळे तुकडे एकापुढे एक ठेवले की आपला प्रॉम्प्ट झाला. सुरुवातीला एक ओळ विषयाची: पावसात भातलावणी करणाऱ्या पाच-सहा बायका, नांगरणारा माणूस, झोपडी, ताड. पुढे माणसाची बांधणी, मग वाकणं, मग मांडणी, शेवटी रंग. ‘वारली’ हा शब्द पहिल्या ओळीत एकदा ठेवायला हरकत नाही. एवढं नेमकं वर्णन सोबत असताना तो उपयोगी पडतो, एकटा असताना दगा देतो. नको असलेल्या गोष्टी सांगण्यासाठी काही साधनांत वेगळी सोय असते. ‘स्टेबल डिफ्युजन’मध्ये नकारात्मक प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो. ‘मिडजर्नी’त प्रॉम्प्टच्या शेवटी ही ओळ जोडता येते:

```
--ar 3:2 --stylize 50 --no faces, feathers, sunset, mandala, text
```

इथे पहिला आकडा चित्राच्या आडव्या-उभ्या प्रमाणाचा. `--stylize` म्हणजे यंत्राने स्वतःची सजावट किती करावी याचं माप. ते सहसा १०० असतं, ते कमी केलं की यंत्र तुमच्या शब्दांना जास्त धरून राहतं. `text` नको असं लिहिण्याचं कारण म्हणजे कोपऱ्यात उगवणारी अर्थहीन सही. हाताने काढलेल्या चित्रांवर सह्या असतात हे यंत्राने पाहिलेलं असतं.

आता हातात आलेलं चित्र वाचायचं. मी ‘वाचायचं’ म्हणतो, कारण लांबून हे चित्र छानच दिसतं आणि चुका जवळ गेल्यावरच सापडतात. प्रत्येक माणसावर बोट ठेवून विचारावं, हा काय करतोय? वारली चित्रात याला उत्तर असतं. कोंबडीमागे धावणारं पोर असतं, ताडावर चढलेला माणूस ताडीचं मडकं काढत असतो, मुंग्यासुद्धा कुठून तरी कुठे तरी चाललेल्या असतात. यंत्राच्या चित्रात दोन-तीन माणसं नुसती जागा भरायला हात वर करून उभी असतात. ती काढून टाकावीत किंवा त्यांना काम द्यावं.

मग नांगर. यंत्र बैलांना नांगर चिकटवतं, पण जू विसरतं. दोन बैलांच्या मानेवर आडवं जू, त्याला जोडलेला लांब दांडा, जमिनीत घुसलेला फाळ आणि मागे रुमणं धरलेला माणूस, ही साखळी अखंड आहे का ते पाहावं. जू नसलेला नांगर शहरातल्या वाचकाच्या ध्यानात येणार नाही, पण ज्यांच्या जगण्याचं हे चित्र आहे त्यांना ते पहिल्या नजरेत खटकेल. बैलांचं अंगही तपासावं. माणसं त्रिकोणांची आणि बैल मात्र वशिंड, गळ्याची पोळी आणि स्नायूंसह हुबेहूब, असं मिश्रण वारंवार येतं. ‘जनावरांची अंगंही त्याच साध्या त्रिकोणी आकारांची’ ही ओळ वाढवली की ते सुधारतं.

तारपा हवा असेल तर आणखी एक सापळा. तारपा नाव यंत्राला माहीत असलं तरी वाद्याचा आकार माहीत असतोच असं नाही. ते बासरी काढतं, पुंगी काढतं, कधी चक्क सॅक्सोफोन. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडपत्रीचा रुंद होत जाणारा कर्णा, असं वर्णन द्यावं. वाजवणाऱ्याच्या गालांपासून कर्ण्यापर्यंत हे वाद्य लांबलचक असतं, तेही सांगावं. नाचाचा फेर बंद वर्तुळ नसतो. एका टोकाला सुटी असलेली, एकमेकांना धरलेली माणसांची साखळी असते आणि ती तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत जाते. ‘सर्कल’ लिहिलं तर कपाखालची चकती मिळेल, ‘सुट्या टोकाची, आत वळत जाणारी साखळी’ लिहिलं तर नाच मिळण्याची शक्यता वाढते. माणसं किती हे आकड्यात सांगून उपयोग कमी. बारा सांगितली तर अकरा येतील किंवा पंधरा येतील, आणि एखाद्याला तीन हात असतील.

शेजारच्या एका घोटाळ्याचाही उल्लेख करायला हवा. ओडिशातल्या सौरा समाजाची भित्तिचित्रं वारलीसारखीच लाल भिंतीवर पांढऱ्या रेघांची असतात आणि यंत्र दोन्हींची सरमिसळ करतं. सौरा चित्रांतली माणसं जास्त लांबट, त्यांचे त्रिकोण कमी टोकदार. कमरेवरचा बिंदू हरवला असेल आणि चौफेर जाड चौकट आली असेल, तर आपण नकळत तिकडे सरकलो आहोत असं समजावं.

प्रॉम्प्ट कितीही घासूनपुसून लिहिला तरी पाच-सहा बायका, नांगर, झोपडी, ताड, कोंबड्या हे सगळं एका दमात बरोबर येणं अवघड आहे. एक भाग सुधारायला सांगितला की दुसरा बिघडतो. दोन उपाय कामी येतात. एक म्हणजे चित्र भागाभागाने मागायचं: बायकांची ओळ वेगळी, बैलजोडी वेगळी, झोपडी आणि झाड वेगळं. पार्श्वभूमी सपाट एका रंगाची असल्याने हे तुकडे नंतर सहज जोडता येतात. त्रिमितीय चित्रात ही सोय नसते, तिथे सावल्या जुळत नाहीत. दुसरा उपाय मला जास्त पटतो. कोऱ्या कागदावर पेनाने स्वतःच कच्चा आराखडा काढावा. गोल, दोन त्रिकोण, चार रेघा हे कोणालाही जमतं. त्याचा फोटो काढून यंत्राला द्यावा आणि ‘ही मांडणी तशीच ठेव’ असं सांगावं. वाकण्याचा कोन, माणसांची संख्या, नांगराची साखळी या सगळ्या गोष्टी शब्दांपेक्षा त्या आराखड्यातून नेमक्या पोचतात.

इथे एक मोह होतो, स्वतःच्या आराखड्याऐवजी एखाद्या वारली चित्रकाराच्या चित्राचा फोटो नमुना म्हणून चढवण्याचा, किंवा प्रॉम्प्टमध्ये एखाद्या हयात चित्रकाराचं नाव टाकण्याचा. तो मी चुकीचा मानतो. ती व्यक्ती आज डहाणूत किंवा जव्हारला बसून याच कामावर घर चालवत असते. तिचं चित्र तिला न विचारता यंत्रात घालून तिच्याच धाटणीचं फुकट चित्र काढणं म्हणजे तिच्या पोटावर पाय आणणं आहे.

काही आकारही या खेळाबाहेर ठेवावेत. लग्नातला चौक हा त्यातला पहिला. भिंतीवर काढलेल्या त्या चौकोनात पालघट देवी असते, शेजारच्या देवचौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव असतो. हा विधीचा भाग आहे, धवलेरी गाणी म्हणते आणि त्या साक्षीने लग्न लागतं. दिसायला तो चौक फार सुंदर, भरजरी कडा असलेला असतो, म्हणून सजावटीच्या चौकटीसारखा वापरावासा वाटतो. यंत्राला त्यातलं काहीच कळत नसल्याने ते देवीला नाचणारी बाई करतं आणि देवाच्या घोड्याला वरातीचा घोडा. शेती, मासेमारी, नाच, ताडी काढणं, बाजार या रोजच्या गोष्टींवर चित्रं मागावीत आणि चौक ज्यांचा आहे त्यांच्याकडे राहू द्यावा.

शेवटी छपाई. अशा साधनांतून येणारं आडवं चित्र साधारण १५३६ गुणिले १०२४ बिंदूंचं असतं. मासिकासाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर ते जेमतेम पाच इंच रुंद छापता येतं. त्याहून मोठं केलं की बारीक रेघा फुटतात. दोनच रंग असल्याने इथे एक चांगला उपाय आहे. चित्र ‘इंकस्केप’ या मोफत प्रणालीत उघडून `Trace Bitmap` वापरलं की रेघा गणिती आकारांत बदलतात आणि कितीही मोठ्या करता येतात, अगदी भिंतीएवढ्याही. या रूपांतरात यंत्राची लबाडीही उघडी पडते. जी रेघ पांढरी वाटत होती पण खरं तर करडी होती, ती नाहीशी होते. जिथे छुपी सावली होती तिथे डाग उमटतात. तेवढ्या जागा हाताने दुरुस्त कराव्यात. आणि कमरेचे ते बिंदू पुन्हा एकदा पाहावेत, कारण रूपांतरात दोन टोकं सुटून माणूस मधोमध तुटण्याची शक्यता असते.

चित्राखाली काय छापायचं, तेही ठरवायला हवं. वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यामुळे यंत्राकडून घडवलेल्या, विकायच्या वस्तूवर ‘वारली पेंटिंग’ असं लिहिणं ग्राहकाची दिशाभूल तर आहेच, शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचं ठरू शकतं. लेखासोबतच्या चित्राखाली ‘वारली शैलीवर आधारित, एआयच्या साहाय्याने तयार केलेलं चित्र’ एवढं स्पष्ट लिहावं. आणि लेखाचा विषयच वारली समाज, त्यांची जमीन, त्यांची गाणी असा असेल, तर यंत्राकडे जाऊच नये. पालघर भागात आज काम करणारे अनेक चित्रकार आहेत, त्यांच्यातल्या एकाला विषय सांगावा, वेळ द्यावा आणि वाजवी मानधन द्यावं. आवणीचं चित्र काढताना त्यांना जू आणि रुमणं समजावून सांगावं लागत नाही.